अंधारात हरवणारा लाल ठिपका

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी अंगणवाडीताई दोन वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या दंडावर पट्टी गुंडाळतात. ही दंडघेर मोजायची पट्टी तीन रंगांची असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा आणि साडेअकराच्या खाली असेल तर लाल. या मुलाची पट्टी लाल रंगावर थांबते. याचा अर्थ मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’ गटात आहे. त्याची भूक तपासायची, अंगावर सूज आहे का पाहायचे आणि गरज भासली तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे. आईला हे समजावून सांगताना ताईंना आकडा उच्चारावाही लागत नाही. पट्टीवरचा लाल रंग पुरेसा असतो.

आता तोच दिवस रात्री नऊ वाजता पाहा. स्वयंपाक आवरून, लोडशेडिंगच्या अंधारात ताई मोबाइलवर दिवसभराची यादी तपासत बसल्या आहेत. डोळे चुरचुरतात म्हणून मुलाने फोन ‘डार्क मोड’वर टाकून दिला आहे. पांढरी पार्श्वभूमी काळी झाली, अक्षरे पांढरी झाली. यादीतील प्रत्येक नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका आहे. पण यादीवरून नजर फिरवताना पिवळे ठिपके टपोरे दिसतात आणि लाल ठिपका काळ्या पडद्यात जवळजवळ बुडून जातो. सकाळी ज्या मुलाची सर्वांत जास्त काळजी वाटली, तेच रात्री यादीत सर्वांत कमी नजरेत भरते.

हा प्रसंग कल्पनेतला असला तरी त्यामागचे गणित खरे आहे आणि ते कोणालाही पडताळून पाहता येते. आरोग्याच्या कामासाठी बनणाऱ्या ॲपमध्ये डार्क मोड ही केवळ सजावट मानली की असे घडते. रंगांची अदलाबदल करताना कोणता रंग काय सांगतो, याचा विचार आधी व्हायला हवा.

आधी गणित पाहू. अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. तिला कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर म्हणतात. दोन्ही रंग सारखेच उजळ असतील तर ते १ असते. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरे असेल तर २१, आणि यापलीकडे ते जात नाही. अधू दृष्टीच्या लोकांनाही पडदा वाचता यावा म्हणून जगभर जे निकष वापरले जातात, त्यांच्यानुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ आणि अर्थ सांगणाऱ्या चिन्हांसाठी किमान ३ असावे लागते. तीनच्या खाली गेलेले चिन्ह सरळ बघितले तर दिसते, पण यादी चाळताना नजरेतून सुटते.

आता तीन ठिपक्यांचे रंग घेऊ. ॲप बनवणारे नेहमी वापरतात तसा गडद लाल (#B00020), गडद हिरवा (#2E7D32) आणि हळदीसारखा पिवळा (#FBC02D). पांढऱ्या पार्श्वभूमीवर लालाचे गुणोत्तर सुमारे ७.३ येते, हिरव्याचे ५.१ आणि पिवळ्याचे जेमतेम १.७. म्हणजे पांढऱ्या पडद्यावर लाल सर्वांत ठसठशीत असतो. पिवळा फिका पडतो, पण निदान धोक्याचा रंग तरी पुढे राहतो. आता पार्श्वभूमी बदलून डार्क मोडमध्ये वापरतात तशी कोळशासारखी गडद (#121212) करा आणि ठिपके तेच ठेवा. पिवळा एकदम ११.३ वर जातो, हिरवा ३.७ वर येतो आणि लाल २.६ वर घसरतो. सगळा क्रमच फिरतो. पांढऱ्यावर सर्वांत पुढे असलेला लाल आता सर्वांत मागे जातो आणि चिन्हांसाठीच्या किमान मर्यादेच्याही खाली उतरतो. मध्यम कुपोषित मूल ठळक दिसते, तीव्र कुपोषित मूल दिसेनासे होते.

याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांच्या मिश्रणातून प्रत्येक रंग तयार करतो, पण डोळा या तिन्हींना सारखे महत्त्व देत नाही. वर सांगितलेल्या मोजणीत शुद्ध पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ टक्के आणि निळ्याचा फक्त ७ टक्के धरला जातो, कारण माणसाच्या डोळ्याची जाणीवच तशी आहे. पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून बनतो, त्यामुळे तो मुळातच उजळ. गडद लालाकडे मात्र फक्त तो एकवीस टक्क्यांचा वाटा, आणि तोही अर्धवट पेटलेला. पांढऱ्या भिंतीवर हा गडदपणा त्याच्या पथ्यावर पडतो. काळ्या भिंतीवर तोच त्याला लपवतो.

मग ॲपने डार्क मोड दिलाच नाही तर? तेही सुरक्षित नाही. २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींनी संपूर्ण फोनसाठी डार्क मोड आणला. तेव्हापासून काही फोनमध्ये अशीही सोय आली की ज्या ॲपने स्वतःचा डार्क मोड बनवलेला नाही, त्याचे रंगही फोन आपल्या अंदाजाने बदलून टाकतो. याशिवाय रंग उलटे करण्याचीही एक सेटिंग असते. ती चालू केली की लाल ठिपका निळसर हिरवा होतो, हिरवा जांभळट गुलाबी आणि पिवळा निळा. दंडघेराच्या पट्टीशी मग त्याचा काही संबंधच उरत नाही. थोडक्यात, ॲप बनवणाऱ्याने काळा पडदा विचारपूर्वक आखला नाही, तर वापरणारी व्यक्ती किंवा तिचा फोन तो अविचाराने आखतो.

विचारपूर्वक आखायचे म्हणजे काय करायचे? वरच्याच यादीवर ते करून पाहता येते. सुरुवात पार्श्वभूमीपासून. ती शुद्ध काळी न ठेवता #121212 सारखी किंचित राखाडी ठेवतात. कारण पूर्ण काळ्यावर एक कप्पा दुसऱ्यापासून वेगळा दाखवायला जागाच उरत नाही. थोड्या राखाडीवर मात्र वरचा कप्पा किंचित उजळ करून उठावदार दाखवता येतो.

मग अक्षरांचा पांढरा. तो शुद्ध ठेवला तर या पार्श्वभूमीवर गुणोत्तर १८.७ येते. तो किंचित मळका, म्हणजे #E0E0E0 केला तर ते १४ वर येते. वाचायला हे भरपूर आहे आणि डोळ्याला मऊ आहे. दुय्यम मजकूर, म्हणजे मुलाचे वय, आईचे नाव, मागील भेटीची तारीख, हा बहुतेक ॲपमध्ये राखाडी असतो. पांढऱ्यावर नेहमी वापरला जाणारा राखाडी (#757575) तिथे ४.६ देतो, म्हणजे काठावर पास. तोच गडद पडद्यावर ४.१ देतो आणि नापास होतो. म्हणून तो #A0A0A0 इतका उजळ करावा लागतो, तेव्हा गुणोत्तर ७ च्या वर जाते.

शेवटी ठिपके. लाल उजळ करायचा, पण किती? फार उजळ केला की तो गुलाबी होतो आणि गुलाबी रंग कोणाला धोका सांगत नाही. #FF5252 हा मधला मार्ग आहे. तो लालच वाटतो आणि गडद पडद्यावर ५.९ गुणोत्तर देतो. आता पिवळ्याला आवरायचे. त्याला मोहरीच्या रंगाकडे (#B28704) नेले की तो ११.३ वरून ५.७ वर उतरतो. हिरवा ३.७ वर आहे तसा राहू द्यायचा, कारण निरोगी मुलाने लक्ष वेधून घ्यायची गरज नाही. क्रम पुन्हा बरोबर झाला. लाल पुढे, पिवळा मागोमाग, हिरवा शेवटी.

पण इथे एक नवी अडचण दिसते. लाल आणि पिवळा आता जवळजवळ सारखेच उजळ झाले आहेत. ज्यांना रंग नीट ओळखता येतात त्यांना काही वाटणार नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना जन्मतःच कमी कळतो अशा व्यक्तीला मात्र हे दोन ठिपके एकाच छटेचे भासू शकतात. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, आणि या याद्या पुढे डॉक्टर, तालुका अधिकारी, गाडीचा चालक अशा अनेकांच्या फोनवर जातात. त्यामुळे रंगासोबत आकार हवाच. लालासाठी उद्गारचिन्ह असलेला त्रिकोण, पिवळ्यासाठी अर्धे भरलेले वर्तुळ, हिरव्यासाठी बरोबरची खूण. आणि शेजारी ‘सॅम’ किंवा ‘मॅम’ हे दोन अक्षरी शब्द. मग रंग कसाही दिसो, अर्थ बदलत नाही.

पांढरा मऊ का करायचा, याचे उत्तर लातूरच्या उदाहरणाने जास्त चांगले समजते. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून नीटची तयारी करणारी मुले रात्री दिवा मालवून मोबाइलवर प्रश्नसंच सोडवतात, कारण खोलीतील जोडीदार झोपलेला असतो. अशा वेळी डार्क मोड लावला की पडद्यातून येणारा एकूण प्रकाश कमी होतो आणि त्यांना बरे वाटते. पण प्रकाश कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. कॅमेऱ्याचे तोंड मोठे केले की चित्राचा थोडा भाग धूसर होतो, तसेच इथे होते. बुबुळाच्या कडेकडून येणारे किरण नेमके एका बिंदूवर जुळत नाहीत आणि डोळ्याच्या घडणीतील छोटे दोष उघडे पडतात. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम आहे आणि चष्मा नाही किंवा जुना झाला आहे, त्यांना काळ्यावरील लख्ख पांढऱ्या अक्षराभोवती प्रकाशाची झालर दिसते. अक्षर पसरते. मराठीत तर शिरोरेघ, रफार, अनुस्वार, मात्रा हे सगळे बारीक तपशील जवळजवळ असतात. झालर पसरली की ‘मे’ आणि ‘में’ यांतला ठिपका सहज हरवतो. पांढरा थोडा खाली आणला की ही झालर कमी होते. अक्षराची जाडी किंचित सांभाळली तर आणखी बरे.

म्हणूनच ‘डार्क मोड डोळ्यांसाठी चांगला’ हे सरसकट विधान बरोबर नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांची तपासणी केली. फिक्या पार्श्वभूमीवरची गडद अक्षरे दोन्ही गटांना अधिक चांगली वाचता आली. दुसऱ्या बाजूला, १९८५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांना असे आढळले होते की ज्यांच्या डोळ्यातील पारदर्शक भाग ढगाळ झाला आहे अशा अधू दृष्टीच्या लोकांना काळ्यावर पांढरे अक्षर वाचणे सोपे जाते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात पांढऱ्या पडद्याचा प्रकाश विखुरतो आणि अक्षरांवर धुके पसरवतो; पडदा काळा असेल तर विखुरायला प्रकाशच कमी असतो. म्हणजे एकाच घरात मुलाला झालर दिसेल आणि आजीला आराम वाटेल. दोघांचेही म्हणणे खरे असेल. ॲपने दोघांपैकी कोणा एकाच्या बाजूने कायमचा निर्णय देऊ नये; बदलण्याचे बटण सहज सापडेल अशा ठिकाणी ठेवावे.

मराठवाड्यात या बटणाची गरज आणखी एका कारणाने आहे, ते म्हणजे ऊन. एप्रिलच्या दुपारी अंगणवाडीच्या अंगणात गडद पडद्याचा फोन उघडून पाहा. पडद्यावर आपलाच चेहरा आणि मागचे आकाश दिसते. काचेवरून परतणारा प्रकाश काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही भागांत सारखाच मिसळतो, त्यामुळे काळा भाग राखाडी होतो आणि कागदावर मोजलेले १४ गुणोत्तर प्रत्यक्षात दोन-तीनवर येते. उन्हात पांढरा पडदा आणि पूर्ण ब्राइटनेस हाच उपाय. डार्क मोड म्हणजे बॅटरीची बचत, हेही सर्व फोनना लागू नाही. ज्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि काळा बिंदू विझलेला असतो, अशा ओएलईडी फोनमध्येच ती होते. अनेक स्वस्त फोनमध्ये एलसीडी पडदा असतो. त्यात मागचा दिवा काळ्या चित्रालाही तेवढाच जळत राहतो.

मग काळ्या पडद्याची खरी जागा कुठे आहे? जिथे रात्र आहे, शेजारी कोणी झोपले आहे आणि तरी वाचणे अटळ आहे तिथे. कुपोषित बालकांचा वॉर्ड ही अशी जागा आहे. तीव्र कुपोषित आणि आजारी बालक दाखल झाल्यावर सुरुवातीला त्याला दर दोन तासांनी थोडा थोडा आहार द्यावा लागतो, नंतर दर तीन तासांनी. रात्रीही खंड चालत नाही, कारण अशा बाळाच्या अंगात साठा नसतो. आहार लांबला की रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते आणि पहाटेपर्यंत बाळ हाताबाहेर जाऊ शकते. रात्री दोन वाजता मंद दिव्याच्या वॉर्डात सिस्टर फोनवर किंवा टॅबवर कोणत्या बाळाला कधी पाजले, कोणाचे तापमान घसरले हे पाहते. पांढरा पडदा उघडला तर शेजारचे बाळ जागे होते आणि सिस्टरच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढे काही काळ खाटाच दिसत नाहीत. इथे गडद पडदा हवा. पण तिथेच ‘आहार चुकला’ हे सांगणारे लाल चिन्ह २.६ वर असेल, तर पडदा गडद करून मिळवलेले सगळे गमावले.

नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि किनवट यांत शंभरहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. मूल आज पाठवायचे की पुढच्या आठवड्यात, हा निर्णय त्या अंतराच्या दुसऱ्या टोकाला, एका यादीकडे पाहून होतो. २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी केंद्र सरकारच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर होऊ लागल्या. आरोग्य विभागाची इतर ॲप आहेत, रुग्णालयांची आपापली आहेत आणि पुढे आणखी येतील. ही ॲप घेताना कागदावर किती सुविधा आहेत हे पाहिले जाते. त्या यादीत तीन अटी वाढवल्या तर फार खर्च येणार नाही. धोका सांगणारे प्रत्येक चिन्ह फिक्या आणि गडद अशा दोन्ही पडद्यांवर किमान ३ गुणोत्तराचे असावे आणि दोन्हीकडे तेच सर्वांत ठळक असावे. रंगाशिवाय आकार किंवा शब्द असल्याखेरीज कोणताही धोका दाखवू नये. आणि फोनने परस्पर रंग बदलू नयेत म्हणून ॲपने स्वतःचा गडद पडदा तयार ठेवावा.

चौथी अट तपासणीची आहे, आणि तिला संगणकतज्ज्ञ लागत नाही. मुख्यसेविकांच्या मासिक बैठकीत खोलीचे दिवे मालवावेत, फोनची रंगसेटिंग ग्रेस्केलवर, म्हणजे कृष्णधवल करावी आणि वीस नावांची यादी पाच सेकंद दाखवून विचारावे, ‘यातले सर्वांत आजारी मूल कोणते?’ रंग काढून घेतले की उरतो तो फक्त उजळपणा आणि आकार. बहुतेकींचे बोट बरोबर नावावर गेले तर पडदा पास. एखाद्या पिवळ्या नावावर गेले तर चूक त्या ताईंची नाही, ती रंग निवडणाऱ्याची आहे. वॉर्डातील सिस्टरनाही रात्रपाळी सुरू होताना हीच चाचणी दोन मिनिटांत करून पाहता येईल.

दंडघेराची पट्टी साधी असते, पण तिच्यावर लाल हा लालच राहतो. कंदिलाच्या उजेडातही ती उलटी बोलत नाही, कारण रंगाशेजारी सेंटिमीटरचे आकडेही छापलेले असतात. हातातल्या पट्टीची जागा हळूहळू फोनचा पडदा घेत असेल, तर त्यानेही दिवसा आणि रात्री एकच गोष्ट सांगायला हवी.